भाड्यानं राहायचं की फ्लॅट घ्यायचा? जुळे सोलापुरातल्या एका टू बीएचकेचा 10 वर्षांचा हिशोब

माझा भाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला आहे, सूनबाई शाळेत शिकवते. लग्नाला दोन वर्षं झाली, दोघांनी मिळून 10 लाख जमवले आणि घरातल्या सगळ्यांचं एकच टुमणं सुरू झालं, भाडं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात पैसे, त्यापेक्षा हप्ता भर म्हणजे घर तरी आपलं होईल. भाचा एका रविवारी वही घेऊनच आला, म्हणाला मामा, तुम्ही फक्त आकडे सांगा, सल्ला नको. मग आम्ही बसलो, दोन तास गेले, चहा तीनदा झाला. तोच हिशोब इथं पायरीपायरीनं लिहितोय. तुमचा फ्लॅट वेगळा असेल, बँकेचा दर वेगळा असेल, तर आकडे आपले टाका, पद्धत हीच ठेवा.

पहिली पायरी: एकच घर धरा, दोन्ही बाजूंना तेच

नव्वद टक्के लोक इथंच चुकतात. तुलना करतात ती सात रस्त्याजवळच्या जुन्या दोन खोल्यांच्या भाड्याची आणि होटगी रोडच्या नव्या लिफ्टवाल्या फ्लॅटच्या हप्त्याची, मग ते उत्तर कसंही येतं. तुम्ही जो फ्लॅट विकत घ्यायला बघताय, अगदी त्याच बिल्डिंगमध्ये तसाच फ्लॅट भाड्यानं केवढ्याला मिळतो ते विचारा. वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहिती असतं.

आम्ही धरलेला फ्लॅट जुळे सोलापुरातला, टू बीएचके, रेडी, कम्प्लीशन झालेला, किंमत 30 लाख. त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर तसाच फ्लॅट 9,000 भाड्यानं मिळत होता. आता एक साधी कसोटी आहे, वर्षाचं भाडं भागिले किंमत. 1,08,000 भागिले 30 लाख म्हणजे 3.6 टक्के. म्हणजे 30 लाखांची वस्तू तुम्हाला वर्षाला 3.6 टक्क्यानं वापरायला मिळतेय, आणि तीच घ्यायला बँक तुमच्याकडून साडेआठ टक्के घेणार. हा आकडा साडेतीनच्या आसपास असला की भाडं जड जात नाही, पाचाच्या वर गेला की विकत घेण्याचा विचार मनापासून करावा. सोलापुरात नव्या फ्लॅटना हा आकडा कमी येतो, पण दहा-पंधरा वर्षं जुन्या रीसेल फ्लॅटना बरा येतो, कारण किंमत खाली आलेली असते आणि भाडं फारसं उतरलेलं नसतं. 18 लाखांचा जुना फ्लॅट 8,000 नं जात असेल तर तोच आकडा 5.3 होतो, आणि मग सगळं चित्रच बदलतं.

दुसरी पायरी: 30 लाखांचा फ्लॅट 30 लाखांत पडत नाही

महापालिका हद्दीत 5 टक्के मुद्रांक शुल्क आणि वर 1 टक्का स्थानिक संस्थेचा, मिळून 6 टक्के, म्हणजे 1,80,000. नोंदणी फी 1 टक्का पण जास्तीत जास्त 30,000. वकिलाकडून टायटल सर्च, बँकेची प्रोसेसिंग, झेरॉक्सपासून ते मीटर नावावर करण्यापर्यंतची किरकोळ कामं मिळून 30,000 धरा. मग किचन ट्रॉली, खिडक्यांना ग्रिल, पंखे, जास्तीची पाण्याची टाकी (सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, टाकीशिवाय संसार होत नाही हे नव्यानं आलेल्यांनी लक्षात ठेवा), हे सगळं हात आखडून केलं तरी 1,60,000. बेरीज 34 लाख.

फ्लॅट फक्त घरातल्या बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे इथं 30,000 वाचतात, पण नवरा-बायको दोघांच्या नावावर केलात की ती सवलत गेली. भाच्याला हे माहितीच नव्हतं, कर्जाला दोघांचा पगार लागतो म्हणून मालकीतही दोघंच हवेत असं त्याला वाटत होतं. बऱ्याच बँका सहमालकानं सहकर्जदार असावं असा आग्रह धरतात, पण प्रत्येक सहकर्जदारानं मालक असलंच पाहिजे असं सगळीकडे नसतं, आपल्या बँकेत आधी विचारून घ्या.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेताय तर जीएसटी वेगळा. साधारण 5 टक्के, पण किंमत 45 लाखांच्या आत आणि कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत असेल तर 1 टक्का. सोलापुरातले बरेच टू बीएचके या 1 टक्क्यात बसतात, त्यामुळे कोणी सरसकट 5 टक्के लावून कोटेशन देत असेल तर विचारा. कम्प्लीशन झालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही.

आता पैसे कसे उभे राहतात ते बघा. बँक 24 लाख देणार, म्हणजे किमतीच्या 80 टक्के. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तो आपल्याच खिशातून. म्हणजे 6 लाख डाउन पेमेंट आणि 4 लाख वरखर्च, भाच्याचे 10 लाख बरोब्बर संपले. हे 10 लाख पुढच्या सगळ्या हिशोबाचं मूळ आहे, कारण भाड्यानं राहिलं तर हेच 10 लाख हातात राहतात.

तिसरी पायरी: हप्ता आणि 10 वर्षांनी उरलेलं कर्ज

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये टाका:

```
=PMT(8.5%/12,240,-2400000)
=FV(8.5%/12,120,20828,-2400000)
```

पहिल्या ओळीत हप्ता येतो, 20,828. दुसऱ्या ओळीत 10 वर्षांनी बँकेला किती देणं बाकी राहील ते येतं, 16 लाख 80 हजार. भाच्यानं हा आकडा बघून शीट दोनदा तपासलं. 10 वर्षांत भरलेले हप्ते झाले जवळपास 25 लाख, आणि 24 लाखांच्या कर्जातले फिटले फक्त 7 लाख 20 हजार, बाकीचे पावणेअठरा लाख व्याजात. यात बँकेनं फसवलं वगैरे काही नाही, सुरुवातीला थकबाकी मोठी असते म्हणून व्याजही मोठं असतं, इतकंच. पण भाडं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात असं म्हणणाऱ्या माणसानं हे पावणेअठरा लाख कुणाच्या खिशात गेले तेही बघावं.

शिवाय दर फ्लोटिंग असतो. रेपो वाढला की बँक बहुतेक वेळा हप्ता तेवढाच ठेवते आणि मुदत वाढवते, त्यामुळे आपल्याला कळतच नाही. वर्षातून एकदा स्टेटमेंट काढून किती हप्ते उरले ते बघत जा.

मालकाच्या डोक्यावर हप्त्याशिवाय घरपट्टी, गळती, रंग, मोटर जळाली, लिफ्टची वर्गणी असं काहीबाही येतच असतं. सोसायटीचा रोजचा मेंटेनन्स भाडेकरूही भरतो म्हणून तो दोन्हीकडून सोडला आणि फक्त मालकाचा खर्च म्हणून महिन्याला सरासरी 2,000 धरले. तर मालकाचे महिन्याला गेले साधारण 22,800.

चौथी पायरी: भाडेकरूची बाजू, आणि इथं लबाडी करायची नाही

भाडेकरूनं 10 लाखांतले 50,000 डिपॉझिट, एजंट, करारनामा आणि टेम्पोसाठी काढले. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावा लागतो, नोटरीवर भागवू नका, उद्या डिपॉझिटवरून भांडण झालं तर नोंदवलेला कागदच कामाला येतो. राहिले साडेनऊ लाख, ते शेअरवाल्या म्युच्युअल फंडात.

आता महत्त्वाचं. मालक महिन्याला 22,800 घालवतोय आणि भाडेकरू 9,000, तर मधले 13,800 भाडेकरूनं दर महिन्याला एसआयपीत टाकले पाहिजेत. टाकायला पाहिजेत असं नाही, टाकलेच पाहिजेत, नाहीतर ही तुलनाच होत नाही. भाडं दरवर्षी 5 टक्क्यानं वाढतं असं धरलंय, म्हणजे दुसऱ्या वर्षी 9,450, दहाव्या वर्षी 13,962, आणि तेवढी एसआयपी कमी कमी होत जाते, दहाव्या वर्षी ती 8,838 च राहते. शीटमध्ये दहा वर्षांच्या दहा ओळी करा, भाडं, फरक, आणि त्या फरकाचे शेवटी किती होतील. पहिल्या वर्षाची ओळ अशी:

```
=FV((1+10%)^(1/12)-1,12,-13800)*(1+10%)^9
```

पुढच्या वर्षाला 13,800 च्या जागी 13,350 आणि शेवटचा 9 चा 8, असं खाली उतरत या. परतावा आम्ही वर्षाला 10 टक्के धरला. शेअरवाल्या इंडेक्स फंडाला यापेक्षा जास्त धरणारे खूप भेटतील, 12 धरतात, 15 धरतात, एजंट तर काहीही धरतो. पण घराच्या किमतीला कमी आणि फंडाला जास्त असं धरून उत्तर आधीच ठरवायचं नसेल तर 10 पुरे.

साडेनऊ लाखांचे 10 वर्षांनी झाले 24 लाख 64 हजार, एसआयपीचे झाले 23 लाख 79 हजार, मिळून 48 लाख 40 हजारांच्या वर. यातून कर जातो. शेअर फंडावर वर्षभराच्या वर ठेवलेल्या नफ्याला 12.5 टक्के, दरवर्षी पहिले सव्वा लाख माफ. सगळं एकाच वर्षी विकलं तर 3 लाखांच्या आसपास कर. मध्ये एकदा घर बदललं त्याचे पैसे वजा केले, डिपॉझिट परत आलं ते मिळवलं, तर हातात 45 लाखांच्या थोडं वर.

आणि मालक? फ्लॅटची किंमत वर्षाला 5 टक्क्यानं वाढली तर 30 चे झाले 48 लाख 87 हजार. एजंटचे 2 टक्के गेले, बँकेचे 16 लाख 80 हजार गेले, हातात 31 लाख. यावरही नफ्याचा कर बसू शकतो, पण दुसरं घर घेतलं तर नियमात बसवून तो टाळता येतो म्हणून मी तो धरलाच नाही, मालकाला सवलत दिली असं समजा.

45 आणि 31. भाच्याचा चेहरा उजळला, त्याला भाड्यानंच राहायचं होतं की काय कोण जाणे. मी म्हटलं थांब की, अजून दोन गोष्टी बघायच्यात, आणि त्या दोन्हींवर हे सगळं उलटू शकतं.

पाचवी पायरी: किंमत खरंच किती वाढते ते कागदावर बघा

वरच्या हिशोबात मालक भाडेकरूच्या बरोबरीला यायचा तर 30 लाखांचा फ्लॅट 10 वर्षांनी 63 लाखांच्या वर विकला गेला पाहिजे, म्हणजे वर्षाला 8 टक्क्यांच्या जवळपास वाढ. सोलापुरात फ्लॅट 8 टक्क्यानं वाढतात का? चहाच्या टपरीवर विचाराल तर 20 नं वाढतात. प्रत्येकाच्या काकांनी कधीतरी विजापूर रोडला मातीमोल भावानं प्लॉट घेतलेला असतो आणि तो आता सोन्याचा झालेला असतो. खरंच झालेला असतो, पण तो प्लॉट होता. जमीन वाढते, बिल्डिंग जुनी होते. फ्लॅटमध्ये तुमच्या वाट्याला जमिनीचा तुकडा फार लहान येतो, आणि शहराभोवती मोकळी जमीन असली की शेजारी नवी स्कीम उभी राहतेच, मग तुमच्या दहा वर्षं जुन्या फ्लॅटला गिऱ्हाईक नव्याच्या भावानं का घेईल?

हे तपासायची सोय आहे. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर eSearch मध्ये जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदवलेल्या व्यवहारांचा इंडेक्स-2 दिसतो, त्यात मोबदला म्हणून किंमत लिहिलेली असते. तुम्ही बघताय त्या भागातली दहा-बारा वर्षं जुनी एखादी बिल्डिंग निवडा, 2014 च्या आसपासचा एक व्यवहार काढा आणि अलीकडचा त्याच बिल्डिंगमधला तेवढ्याच क्षेत्रफळाचा दुसरा काढा. आम्ही काढला तो 18 लाखांचा 10 वर्षांनी 27 लाखांना गेलेला होता. दीडपट! ऐकायला भारी वाटतं, पण वर्षाला पडतात फक्त 4.1 टक्के. दुप्पट झाला असता तरी 7.2 च झाले असते. ते काढायचं असं:

```
=(2700000/1800000)^(1/10)-1
```

एक मेख आहे, कागदावरची किंमत आणि खरी किंमत यात कधीकधी रोखीचा भाग असतो, म्हणून एका व्यवहारावर जाऊ नका, चारपाच बघा. दोन टोकं फार वेगळी आली तर मधलं धरा.

विकायला किती वेळ लागतो हेही किमतीत धरावं लागतं, आणि हे मी अनुभवानं सांगतो. सैफुल भागातला माझा स्वतःचा फ्लॅट विकायला 14 महिने लागले. गच्चीखालचा होता, पावसाळ्यात छताला ओल यायची, बिल्डरनं ताबा देताना गॅरंटी म्हणून सांगितलं होतं आणि नंतर फोन घेणं बंद केलं. प्रत्येक गिऱ्हाईक आलं की मान वर करून आधी तो डाग बघायचं. शेवटी मागितलेल्या किमतीपेक्षा 2 लाख कमी घेतले, कारण पोरीच्या ॲडमिशनची तारीख जवळ आली होती. फंडातले पैसे तीनचार दिवसांत खात्यात येतात. भाव पडलेला असू शकतो ही गोष्ट वेगळी, त्याच्यावर येतोच.

सहावी पायरी: एसआयपी खरंच चालू राहील का

ही दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी. समजा भाच्यानं साडेनऊ लाख फंडात ठेवले पण महिन्याचे 13,800 एसआयपीत गेले नाहीत. कुठं जातील? बुलेटच्या हप्त्यात, लग्नाच्या आहेरात, मोठ्या टीव्हीत, गड्ड्याच्या जत्रेत सगळ्या पोरांना घेऊन गेलो त्यात. वाईट काही नाही, पण मग 10 वर्षांनी कर वजा जाता त्याच्या हातात 23 लाख राहतात आणि मालकाच्या हातात 31. सगळा खेळ उलटला. आणि ते साडेनऊ लाख फंडाऐवजी बचत खात्यात किंवा एफडीत पडून राहिले तर त्याहून कमी.

म्हणजे बघा, हप्त्याचं घर जिंकतं ते किमतीच्या वाढीमुळे कमी आणि बँकेच्या धाकानं जास्त. हप्ता चुकला की बँकेचा फोन येतो, एसआयपी बंद केली तर कुणाचाच येत नाही. मी स्वतः पहिला फ्लॅट घेतला तेव्हा हे आकडे मला माहिती नव्हते आणि बरंच झालं, कारण माझ्या हातात पैसा टिकत नाही हे आमच्या हिला विचारा. तर प्रामाणिकपणे मागच्या 12 महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि दर महिन्याअखेर खरंच किती शिल्लक राहिली ते लिहा. आत्ता भाड्यानं राहताना महिन्याला 10-12 हजार आपोआप बाजूला पडत असतील तर पुढं पडतील. आत्ता पडत नसतील तर फंडाचा पर्याय कागदावरच राहणार.

भाच्याचं स्टेटमेंट बघितलं, सरासरी 15,000 शिल्लक होती. त्यातली बरीचशी सूनबाईच्या खात्यात होती हे तो मला सांगत नव्हता.

फंडाचा धक्काही सांगितला पाहिजे. 2020 च्या जानेवारीत निफ्टी 12,400 च्या आसपास होता आणि मार्चमध्ये 7,600 पर्यंत आला. दोन-अडीच महिन्यांत साडेनऊ लाखांचे सहा लाखांच्याही खाली दिसले असते. त्यावेळी ज्यांनी घाबरून विकलं त्यांचं नुकसान कायमचं झालं, जे बसून राहिले त्यांचे त्याच वर्षाअखेर परत वर आले. दरवेळी इतकं लवकर वर येईलच असं नाही. म्हणून तीन-चार वर्षांत नक्की घर घ्यायचंच असेल तर ते डाउन पेमेंट शेअर फंडात ठेवू नका, एफडी किंवा लिक्विड फंडच बरा. आणि 10 वर्षांसाठी ठेवताय तरी सगळे साडेनऊ लाख एका दिवशी टाकण्यापेक्षा आधी लिक्विड फंडात ठेवून तिथून दर महिन्याला थोडे थोडे वळवा, मन शांत राहतं. फंड घेताना डायरेक्ट प्लॅन घ्या, रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन दरवर्षी त्यातूनच कापलं जातं, आणि वर्षाला अर्धा-एक टक्का जरी गेला तरी 10 वर्षांत लाखांत फरक पडतो. आम्ही परतावा 10 च्या ऐवजी 8 टक्के धरून बघितला तर भाडेकरूचे 45 चे साडेएकोणचाळीस लाख झाले. मालकाच्या 31 पेक्षा तरी जास्तच, पण अंतर बरंच कमी झालं.

कर आणि सबसिडीचं थोडक्यात

कर्ज घेतलं की टॅक्स वाचतो हे वाक्य आता अर्धवट आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर 2 लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या कररचनेत मिळते, नव्यात नाही. भाचा आणि सूनबाई दोघंही नव्या रचनेत आहेत आणि दोघांचाही कर सूट धरून शून्यच येतो, म्हणजे त्यांना कर्जाचा करात फायदा शून्य. तुम्ही जुन्या रचनेत 20 टक्क्याच्या स्लॅबमध्ये असाल तर वर्षाला 40,000 पर्यंत वाचू शकतात, ते मालकाच्या बाजूला मिळवा, पण मग भाडेकरूचा एचआरएही त्याच्या बाजूला मिळवा.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये कुटुंबाचं उत्पन्न 9 लाखांच्या आत, घर 35 लाखांच्या आत, कर्ज 25 लाखांच्या आत आणि नावावर दुसरं पक्कं घर नसेल तर व्याजाची सबसिडी जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, पाच हप्त्यांत. आमच्या उदाहरणातला फ्लॅट आणि कर्ज यात बसतं, उत्पन्न बसतं का ते बघा. बसलं तर जरूर घ्या, पण 14 लाखांचं अंतर एवढ्यानं भरत नाही.

मग घ्यायचंच नाही का

तसं नाही. आईवडिलांचा प्लॉट असेल आणि फक्त बांधायचं असेल तर हा हिशोब लागूच नाही, जमिनीचे पैसे वाचले की घरच पुढं जातं. जुना, चांगल्या बांधणीचा फ्लॅट कमी किमतीत मिळत असेल तर वरची 5 टक्क्याची कसोटी लावून बघा. घरात म्हातारं माणूस असेल, दर दोन-तीन वर्षांनी घरमालक मुलाचं लग्न ठरलं म्हणून खाली करायला सांगत असेल, तर त्या त्रासाची किंमत प्रत्येकानं आपली आपण लावायची. माझी बहीण म्हणाली, स्वतःच्या भिंतीला खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही, त्याचे किती धरलेस तू शीटमध्ये? मी म्हटलं 14 लाख. ती म्हणाली, मग ठीक आहे, जरा महाग आहे.

घ्यायचं ठरलंच तर दोन कागद आधी. महारेराच्या साईटवर प्रकल्पाचा नंबर टाकून कार्पेट एरिया बघा आणि किंमत कार्पेटनं भागून दर काढा, कारण जाहिरातीत सेलेबल किंवा बिल्टअप लिहून दर कमी दाखवतात. आणि शहराच्या कडेला स्वस्त प्लॉट दाखवला की एनए आहे का गुंठेवारीतला आहे ते विचारा, गुंठेवारीचा असेल आणि नियमित झालेला नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि विकतानाही तीच अडचण पुढच्याला येते, म्हणजे ती किंमत स्वस्त नसते, अडकलेली असते.

भाच्यानं शेवटी दुसऱ्या मजल्यावरचा तो 9,000 चा फ्लॅट भाड्यानं घेतला. एसआयपी सूनबाईच्या खात्यातून, पगाराच्या दुसऱ्या दिवशी जाते, ही अट तिची. 11 महिने संपले तेव्हा आम्ही शीटमध्ये 9,450 लिहिलं होतं आणि घरमालकानं मागितले 10,000. तासभर चर्चा झाली, वाटीभर शेंगा संपल्या, 9,500 वर मिटलं. त्या रात्री भाच्याचा मेसेज आला, मामा, शीटमधलं भाडं 50 नं वाढवलं, एसआयपी मात्र कमी करू देत नाही म्हणते ही, 13,800 च ठेव म्हणते.